चौथीचा चार्ज: सोळा मुलांची नोंद पुढच्या बाईंना देताना

बदलीचा आदेश हातात पडला की शाळेत पहिली धावपळ सुरू होते ती चार्ज द्यायची. कर्नाटकात बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेत चार्जची यादी दोन पानांची होती. कपाटाच्या किल्ल्या, हजेरी, दाखल्यांचं रजिस्टर, अक्षरदासोह या दुपारच्या जेवणाच्या योजनेतल्या तांदळाचा शिल्लक साठा किलोसकट, गॅसच्या टाक्या भरलेल्या किती आणि रिकाम्या किती, खेळाच्या साहित्यात दोन फुटबॉल, त्यातला एक पंक्चर. हे सगळं मोजून, सह्या करून दिलं. यादीत चौथीच्या सोळा मुलांबद्दल "पटसंख्या 16, मुलगे 10, मुली 6" एवढी एकच ओळ होती.

या मुलांना मी तिसरी आणि चौथी अशी दोन वर्षं शिकवलं होतं. पुढच्या वर्षी पाचवीला कोण येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. आमच्याकडे एप्रिलच्या दहा तारखेच्या आसपास शाळा बंद होते आणि मे संपताना उघडते. रिकाम्या जागेवर अतिथी शिक्षक नेमायचे तर ते जूनमध्येच होतं. म्हणजे ज्या बाई किंवा सर येतील त्यांची आणि माझी गाठ पडणार नव्हती. बोलून सांगायची सोय नसल्यामुळे लिहून ठेवणं भाग होतं. हेडमास्तर म्हणाले, "त्यात काय हाय बाई, हुशार, मध्यम, कच्ची अशी यादी करून ठेवा की." मीही आधी तेच केलं.

पहिला खर्डा अर्ध्या तासात झाला. "हुशार, पण खोडकर." "अभ्यासात लक्ष नाही." "गणित कच्चं." "शांत, चांगली मुलगी." रात्री वाचून बघितलं तेव्हा ध्यानात आलं, की हे वाचून नव्या बाईंना दुसऱ्या दिवशी वर्गात वेगळं असं काहीच करता येणार नाही. उलट "लक्ष नाही" असं वाचून आलेल्या माणसाला ते मूल पहिल्याच दिवशी तसंच दिसेल. दुसरी गोष्ट जास्त लागली. चार नावांसमोर मला काहीच सुचलं नव्हतं, म्हणून तिथे "ठीक" लिहिलं होतं. चारपैकी तीन मुली. दोन वर्षं समोर बसलेल्या मुलांबद्दल लिहायला एक वाक्य नसेल, तर ती बरी चालली आहेत म्हणून नाही, मी बघितलंच नाही म्हणून.

दुसऱ्या खर्ड्यासाठी मी स्वतःला एक बंधन घातलं. प्रत्येक मुलासमोर काय दिसलं, कधी दिसलं, त्यावर मी काय केलं आणि त्याचा काय परिणाम झाला, एवढंच लिहायचं. "आहे" असं मुलाबद्दल लिहायचं नाही, "करतो" असं लिहायचं. आणि जे करून बघितलं नाही ते करून बघितलं नाही असं स्पष्ट लिहायचं. बऱ्याच मुलांच्या नोंदी अशाने दोन-तीन ओळींतच आटोपल्या. तिघांच्या मात्र वाढत गेल्या. त्यातली पहिली तेरा नंबरची.

पहिल्या खर्ड्यात "गणित कच्चं" होतं ते हिच्याच नावासमोर. हिची आई बैलहोंगलकडची. घरात आईशी आणि आजीशी कन्नड, वडिलांशी आणि गल्लीत मराठी. तोंडी अंक विचारले की चुकायची, म्हणून मी दोन वर्षं तिला पाढे जास्त म्हणायला लावत होते. मार्चमध्ये एकदा दहा अंक सांगून लिहायला दिले आणि पहिल्यांदाच तिच्या चुका नुसत्या न मोजता एकाखाली एक मांडून बघितल्या.

सत्तावन्न सांगितलं, तिने 75 लिहिलं. एकवीसला 12, चौतीसला 43, त्र्याऐंशीला 38, ब्याण्णवला 29. एकोणतीसला 13. सहासष्ट, चाळीस, पंचावन्न आणि अठरा बरोबर. दहापैकी चार. पण चुकलेल्यांकडे बघितलं तर पाचांत दोन्ही अंक बरोबर आहेत, जागा तेवढ्या उलट्या आहेत. बरोबर आलेल्यांत दोन जोडअंक, एक शून्याचा आणि एक वीसच्या आतला. जोडअंक उलटा लिहिला तरी तोच राहतो. शून्याच्या अंकात उलटायला काही नसतं. आणि वीसच्या आतले तिला पाठ होते.

मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक मागाहून. सत्ता-वन्न म्हणजे सात आणि पन्नास. कन्नडमध्ये ऐवत्तेळु म्हणजे पन्नास आणि सात, जसं लिहायचं तसंच बोलायचं. ही मुलगी घरची सवय धरून कानावर पडेल त्या क्रमाने लिहीत होती. एकोणतीस तर तिच्या कानाला "एक" आणि "तीस" असंच ऐकू येणार. तेच दहा अंक दुसऱ्या दिवशी मी कन्नडमध्ये सांगितले. दहाच्या दहा बरोबर. मग फळ्यावर तेच अंक लिहून दोन-दोनात मोठा कुठला ते विचारलं. एकही चुकली नाही. फळ्यावर मांडलेली बेरीज हातच्यासकट बरोबर. म्हणजे गणित कच्चं नव्हतंच, मराठी अंकांची नावं कच्ची होती. 2019 साली महाराष्ट्रात बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. आमच्या स्टाफरूममध्येही हसले सगळे, मीही हसले होते. या मुलीच्या पाटीकडे बघितल्यावर ते हसू आठवलं.

उपाय म्हणून मी तिच्या वहीत दोन डबे आखून दिले, डावीकडे द, उजवीकडे ए. अंक ऐकायचा, आधी उजवा डबा भरायचा, मग डावा. आठ दिवसांत दहापैकी आठ-नऊ यायला लागले. नोंदीत हे सगळं लिहिलं, तिने चुकवलेले अंक जसेच्या तसे उतरवून. पुढची अडचणही लिहिली: पाचवीत मोठ्या संख्या आल्या की हे पुन्हा बिघडेल. कारण "दोनशे सत्तावन्न" ऐकताना आधी शेकडा येतो, मग एकक, मग दशक. म्हणजे 2 लिहायचा, एक जागा सोडायची, 7 लिहायचा आणि मागे येऊन 5 भरायचा. तिथे तीन डबे लागतील. ते मी करून बघितलेलं नाही.

नऊ नंबरच्या मुलाची नोंद वेगळ्या तऱ्हेची होती. याला मी तिसरीत "लक्ष नाही" म्हणून बऱ्याचदा उभं केलेलं आहे. पावसाळ्यात त्याच्या डाव्या कानातून पू यायचा, कापसाचा बोळा घालून यायचा. आमच्याकडे जुलै-ऑगस्टचा पाऊस म्हणजे कौलांवरचा आवाज असा, की धड कान असलेल्या मुलांनाही पुढच्या बाकावरून ओरडून सांगावं लागतं. चौथीच्या सुरुवातीला माझ्या ध्यानात आलं की मी समोर उभी असले की तो उत्तर देतो, फळ्याकडे तोंड करून बोलले की शेजाऱ्याच्या वहीत बघतो. एकदा त्याच्या पाठीमागे दोन हातांवर उभं राहून हळू आवाजात त्याचं नाव घेतलं. शेजारची दोघं वळली, तो वळला नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला आलं तेव्हा मी त्याला मुद्दाम पुढे केलं. त्यांनी तालुक्याच्या दवाखान्यात जायची चिठ्ठी दिली. आई एकदा घेऊन गेली, पुढच्या खेपेला गेली नाही. नोंदीत मी "बहिरा" असा शब्द घातला नाही, "ऐकू कमी येतं" असंही ठामपणे लिहिलं नाही, कारण ते सांगणारी मी कोण. लिहिलं ते असं: "पाठीमागून हळू आवाजात नाव घेतल्यास वळत नाही, मी तीन वेगवेगळ्या दिवशी बघितलं. पुढचा बाक, फळ्याकडे तोंड केल्यावर डावीकडचं टोक द्या, म्हणजे उजवा कान वर्गाकडे राहतो. सूचना त्याच्याकडे बघून द्या. चिठ्ठी त्याच्या आईकडे आहे, दुसऱ्यांदा जाणं राहिलंय. आई कानात कोमट तेल घालते, पडद्याला भोक असेल तर त्याने बिघडतं, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका असं मी सांगितलंय, तुम्हीही सांगा." जमेची बाजू म्हणून लिहिलं की बघून शिकण्यात हा वर्गात पहिला आहे. मी कागदाची घडी एकदा करून दाखवली की दुसऱ्यांदा तो इतरांना दाखवतो. नवी कृती तोंडी सांगण्याआधी त्याच्यासमोर करून दाखवा.

उरल्या त्या "ठीक" लिहिलेल्या चौघांच्या जागा. शेवटच्या आठवड्यात रोज एकाला जवळ बसवून मराठीचं पुस्तक वाचून घेतलं. तिघांचं वाचन खरोखरच ठीक निघालं, त्यांना काय आवडतं तेवढं लिहिलं. चौथी पंधरा नंबरची. हिला वर्गात पाठ वाचायला उभी केली की घडाघडा वाचायची, अडखळायची नाही. मी पानाच्या मध्यावर बोट ठेवलं आणि "इथून वाच" म्हटलं. ती गप्प. मग तिचे ओठ हलायला लागले. ती मनातल्या मनात पाठाच्या सुरुवातीपासून म्हणत माझ्या बोटापर्यंत येत होती. तिथे पोचली आणि मोठ्याने सुरू झाली. पुस्तकाचं पान उलटं धरलं असतं तरी वाचली असती. न शिकवलेल्या पाठातल्या दोन ओळी दिल्या, तर जोडाक्षर आलं की थांबायची आणि पहिल्या अक्षरावरून अंदाजाने भलताच शब्द सांगायची.

दोन वेळा ऐकलेला पाठ तिच्या डोक्यात बसत होता. ही तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू, आणि तिच्याच मागे दोन वर्षं तिचं न वाचणं लपलं होतं. तोंडी परीक्षेत मी तिला पूर्ण गुण दिलेले होते. हातात तीन दिवस उरले होते. म्हणून नोंदीत लिहिलं: "उपाय केलेला नाही. वाचन तपासायचं असेल तर न शिकवलेल्या मजकुरावर किंवा पानाच्या मधून तपासा. वर्गासमोर तपासू नका, तिला आपण पकडले गेलो असं वाटतं."

एका मुलाबद्दल मात्र मी कागदावर जवळजवळ काहीच लिहिलं नाही. त्याच्या घरचं एक प्रकरण होतं, त्याच्या आईने मला विश्वासाने सांगितलेलं. ते कपाटातल्या पाकिटात ठेवायचं म्हणजे स्टाफरूममधल्या सगळ्यांना वाचायला ठेवण्यासारखंच. म्हणून एवढंच लिहिलं: "सोमवारी उशिरा येतो, कधी डबा नसतो. सगळ्यांसमोर कारण विचारू नका. मला फोन करा." खाली माझा नंबर.

अशाच विचाराने मी पूर्ण नोंदीत एकाही मुलाचं नाव लिहिलं नाही, फक्त हजेरी नंबर लिहिले. चुकून कुणाच्या हाती लागलं तरी कळू नये म्हणून. मोठी शहाणी समजत होते मी स्वतःला. पाकीट हेडमास्तरांकडे देऊन मी नव्या शाळेत रुजू झाले.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात फोन आला. अतिथी शिक्षिका म्हणून बेळगावची एक डी.एड. झालेली मुलगी लागली होती. आधी पाकीट मिळालं म्हणून आभार मानले, मग जरा बिचकतच म्हणाली, "बाई, एक विचारू काय? तुमचा नऊ नंबरचा पोरगा तर बाहेर एस.टी. वळली तरी ऐकतो की ओ. आठ दिवस पुढच्या बाकावर एकटा बसवलाय, माझी काय चूक झाली म्हणून रडायला लागला."

काय झालं ते उलगडायला आम्हाला पाच मिनिटं लागली. मे महिन्यात सहा नंबरच्या मुलाचा दाखला वडिलांनी गोव्याला नेला, कामाला तिकडेच गेले. जूनमध्ये पाचवीची हजेरी नव्याने लिहिली, तेव्हा सातपासून पुढचे सगळे एकेकाने वर सरकले. माझा नऊ आता आठ झाला होता आणि माझा दहा तिथे बसला होता. तेरा नंबरच्या नोंदीनेही असाच घोळ केला. सगळे अंक बरोबर लिहिणाऱ्या एका मुलीला तिने दोन डबे आखून दिले होते आणि ती पोर बिचारी उजवीकडून लिहिताना गोंधळून गेली होती. खरी कन्नड घरची मुलगी शेवटच्या रांगेत 75 लिहीत बसली होती.

नऊ नंबरचा घोळ उघडकीला आला तो नोंदीत "पाठीमागून वळत नाही" ही तपासता येणारी खूण होती म्हणून. "ऐकण्यात कमी" एवढंच लिहिलं असतं, तर बाईंनी महिनाभर त्या दुसऱ्या मुलाला मोठ्याने शिकवलं असतं. त्यानंतर आम्ही फोनवर एकेक नोंद लावून घेतली. मी शेवटी नंबर खोडून प्रत्येकाच्या सरकारी विद्यार्थी नोंदणीतल्या एस.ए.टी.एस. क्रमांकाचे शेवटचे चार आकडे लिहायला सांगितले. तो क्रमांक मूल शाळा बदललं तरी बदलत नाही आणि बाहेरच्या माणसाला त्यातून काही कळत नाही. हे मला एप्रिलमध्येच सुचायला हवं होतं. सोमवारच्या मुलाबद्दलही तेव्हाच बोललो. तिने ऐकून घेतलं आणि लिहून घेऊ का असं विचारलं. मी नको म्हटलं.

दुसरा फोन जुलैच्या शेवटी, पाऊस मी म्हणत असताना. खऱ्या तेराचे डबे आता योग्य वहीत होते आणि मराठीतून सांगितलेले दोन अंकी तिला यायला लागले होते. पण कन्नडचे सर तक्रार घेऊन आले होते. मुलगी कन्नडच्या तासाला इप्पत्तोंदु ऐकून 12 लिहीत होती, जे तिला आयुष्यात कधी चुकलं नव्हतं. आधी उजवा डबा ही सवय तिने दोन्ही भाषांना लावून घेतली होती. माझ्या नोंदीत याचा एक शब्द नव्हता, कारण मी कन्नड शिकवत नाही आणि तिकडे बघितलंच नव्हतं. नव्या बाईंनी आपल्या डोक्याने मार्ग काढला. गणिताच्या वहीतले डबे पुसले आणि अंक सांगितल्यावर तिला "कुठल्या भाषेत?" एवढं विचारायला लागल्या. उत्तर देऊन मग ती लिहायची. दोन भाषांचे अंक मुद्दाम मिसळून सांगायचे, एक मराठी, एक कन्नड. पंधरा दिवस लागले, असं म्हणाल्या.

पंधरा नंबरच्या मुलीवर तर त्यांनी माझ्यापेक्षा बरीच जास्त मेहनत घेतली. तिला पाठ असलेली कविता मोठ्या अक्षरांत लिहून ओळींच्या पट्ट्या कापल्या, मग पट्ट्यांचे शब्द कापले. कविता डोक्यात असल्यामुळे पुढचा शब्द कुठला ते तिला माहीत असायचं, आता तो समोरच्या ढिगात शोधायचा होता. म्हणजे छापलेल्या अक्षराकडे बघितल्याशिवाय गत्यंतर नाही. जोडाक्षरांचे शब्द आधी वेगळे काढून ठेवायच्या आणि शेवटी द्यायच्या. गणपतीपर्यंत ती न शिकवलेल्या चार-पाच ओळी हळूहळू, बोट ठेवून वाचत होती. वर्गासमोर मात्र अजून नाही.

कानाच्या मुलाला दुसऱ्यांदा दवाखान्यात नेणं ऑक्टोबरच्या सुट्टीत झालं. पुढे काय म्हणाले ते मला कळलं नाही. तोवर फोनही कमी झाले होते.

मार्चच्या शेवटी त्यांनी मला आपल्या नोंदीचा फोटो पाठवला. त्यांचीही मुदत संपत होती, सहावीला कोण येणार ते पुन्हा ठरलेलं नव्हतं. माझ्या सोळातल्या सात नोंदींवर त्यांनी सरळ काट मारली होती, बाजूला "आता लागू नाही" आणि तारीख. त्यात माझी आवडती "वर्गात बोलत नाही, पण गाईगुरांचं विचारलं की थांबत नाही" ही पण होती. आता सगळ्याच विषयांवर बोलतो, असं खाली बारीक अक्षरात. कन्नड घरच्या मुलीसमोर नवी ओळ: "चार अंकी संख्येत पुन्हा उलट येतं, 4357 सांगितलं की 4375. दोन अंकी आणि तीन अंकी दोन्ही भाषांत बरोबर, फेब्रुवारीत तीनदा तपासलं. उपाय केलेला नाही."